हिमोग्लोबिन ७.९ : कमी दिवसांच्या बाळाला रक्त चढवायचं की थांबायचं?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १ किलो १५० ग्रॅम होतं. आता ती सात आठवड्यांची आहे, वजन १ किलो ९०० ग्रॅम. ऑक्सिजन चौथ्या आठवड्यातच निघाला, दूध अंगावर आणि वाटी-चमच्याने घेते, गेल्या आठवड्यात १९० ग्रॅम वाढली. पण पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन १५.२ होतं ते परवा ७.९ आलं. रिपोर्टवर रेटिक ५.८ टक्के लिहिलंय. तिसऱ्या आठवड्यापासून लोहाचे थेंब चालू आहेत, तरी रक्त कमी का होतंय? तिथले डॉक्टर म्हणतात घाई नको. घरची मंडळी म्हणतात रक्त चढवाच, माझा भाऊ रक्त द्यायला तयार आहे. काय करावं?

उत्तर :

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आज रक्त चढवण्याचं कारण दिसत नाही. आणि भावाचं रक्त तर या बाळाला देऊच नका. शेवटचा निर्णय बाळाला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांचा, पण तो कशावरून घेतला जातो ते तुम्हाला कळलं तर घरच्यांना समजावणं सोपं जाईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या आकड्याकडे नीट बघू. हिमोग्लोबिन १५.२ म्हणजे १०० मिली रक्तात १५.२ ग्रॅम. पण बाळाच्या अंगात मुळात रक्त किती? एवढ्या लहान बाळात दर किलोमागे साधारण ९० मिली धरतात. म्हणजे जन्माच्या दिवशी तुमच्या मुलीच्या अंगात १०४ मिलीच्या आसपास रक्त होतं, चहाच्या एका छोट्या कपाएवढं, आणि त्यात सगळं मिळून १५.७ ग्रॅम हिमोग्लोबिन. आज वजन १.९ किलो, म्हणजे रक्त १७१ मिली. ७.९ ने हिशेब केला तर एकूण हिमोग्लोबिन १३.५ ग्रॅम येतं. म्हणजे सात आठवड्यांत घट झाली ती जेमतेम सव्वादोन ग्रॅमची. जन्माच्या वेळचं सगळंच्या सगळं हिमोग्लोबिन जसंच्या तसं टिकलं असतं, तरी आज रिपोर्टवर ९.२ च दिसलं असतं, कारण तेच हिमोग्लोबिन आता दीडपटीहून जास्त रक्तात पसरलंय. १५.२ वरून ९.२ पर्यंतचा उतार हा बाळ वाढल्याचा आहे. ९.२ वरून ७.९ पर्यंतचा तेवढा खराखुरा तोटा.

हा तोटा झाला कुठे, त्याची दोन ठळक कारणं आहेत. पहिलं म्हणजे तपासण्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साखर, कावीळ, जंतुसंसर्ग, रक्तातले वायू, क्षार यांसाठी थोडं थोडं रक्त घेतलं जातं. अर्धा मिली इकडे, एक मिली तिकडे. पंधरा-वीस मिली कधी होतात ते कळतही नाही, आणि १०४ मिलीच्या बाळात वीस मिली म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. यात कोणाची चूक असतेच असं नाही. त्या तपासण्यांवरच बाळ वाचलेलं असतं. पण चांगल्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, कमीत कमी रक्तात होणाऱ्या तपासण्या निवडतात आणि किती मिली काढलं याची केसपेपरवर नोंद ठेवतात, ती याचसाठी.

दुसरं कारण म्हणजे कारखाना बंद असणं, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. लाल पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, आणि मगजाला तसा हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे एरिथ्रोपोएटिन. पोटात असताना बाळाच्या रक्तात ऑक्सिजन बेताचा असतो, त्यामुळे हा हुकूम सतत चालू राहतो. जन्म झाला, फुप्फुसं उघडली, ऑक्सिजन भरपूर मिळू लागला, की शरीराला वाटतं आता लाल पेशी पुरेशा आहेत, आणि हुकूम थांबतो. नऊ महिने भरलेल्या बाळातही असंच होतं. त्याचं हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत साडेनऊ ते अकरापर्यंत उतरतं आणि मग आपोआप चढतं. कमी दिवसांच्या बाळात यात आणखी एक अडचण असते. एरिथ्रोपोएटिन मोठेपणी मूत्रपिंड बनवतं, पण या बाळांत ते काम अजून यकृताकडेच असतं. आणि यकृत ऑक्सिजन कमी झाल्याची दखल फार उशिरा घेतं. हिमोग्लोबिन दहाला येतं, नऊला येतं, तरी हुकूम सुटत नाही. त्यातच या बाळांच्या लाल पेशी जगतात ३५ ते ५० दिवस. तुमच्या-माझ्या १२० दिवस जगतात. जुन्या पेशी लवकर संपतात आणि नव्या येत नाहीत. म्हणून चौथ्या ते आठव्या आठवड्यात तळ गाठला जातो. तिसाव्या आठवड्यात झालेल्या बाळात तो आठ-साडेआठच्या आसपास असणं, कधी त्याहूनही थोडा खाली असणं, हे नेहमी दिसणारं चित्र आहे.

आता लोहाच्या थेंबांबद्दल. थेंब चालू असूनही हिमोग्लोबिन उतरलं, कारण या उताराचं कारण लोहाची कमतरता हे नाहीच. उलट या काळात बाळाकडे लोह पडून असतं. लाल पेशी मेली की तिच्यातलं लोह शरीर फेकून देत नाही, साठवून ठेवतं. कारखान्याला हुकूमच नाही तर कच्चा माल कितीही घाला, उत्पादन वाढणार नाही. म्हणून थेंब चुकीचे आहेत किंवा लागू पडत नाहीत असं समजून बंद करू नका. ते आजच्या आकड्यासाठी दिलेलेच नाहीत. ते पुढच्या तीन-चार महिन्यांसाठी आहेत.

पुढे काय होणार आहे ते सांगतो. आईकडून बाळाकडे जाणारं बहुतेक लोह शेवटच्या तीन महिन्यांत जातं. पोटातल्या बाळात दर किलोला साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असतं. तीन किलोचं बाळ सव्वादोनशे मिलिग्रॅम घेऊन येतं. तुमची मुलगी आली तेव्हा तिच्याकडे ८६ मिलिग्रॅम होतं, त्यातलं नऊ-दहा तपासण्यांच्या रक्ताबरोबर गेलं, कारण एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. उरलं ७५-७६. ती साडेतीन किलोची होईल तेव्हा अंगात ३०० मिलीच्या आसपास रक्त असेल, आणि हिमोग्लोबिन अकरा-साडेअकरा राहायला एकट्या रक्तालाच ११५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागेल. स्नायू, मेंदू यांना लागतं ते वेगळं, तेही वीस-पंचवीस मिलिग्रॅम. म्हणजे साठ-पासष्ट मिलिग्रॅमची तूट. आईच्या दुधातलं लोह पचतं उत्तम, पण ते असतं फार थोडं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. तेवढ्यावर ही तूट भरून निघणं शक्य नाही. जन्मवजनाच्या दुप्पट वजन झालं की साठा तळाला जाऊ लागतो, आणि तुमच्या मुलीचं ते वजन, २ किलो ३०० ग्रॅम, आता दोन-तीन आठवड्यांवर आहे.

म्हणजे एकामागून एक येणाऱ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ताची उतरण हुकूम नसल्याची, ती काळ गेला की आपोआप थांबते. पुढची लोह संपल्याची, ती आपोआप थांबत नाही. थेंब नियमित दिले नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, घरी सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच ती येते. दुसरीत मेंदूची वाढ गुंतलेली असते, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

मग हुकूम सुटलाय की नाही हे कशावरून कळतं? तुम्ही रेटिक लिहिलंत हे फार बरं केलंत. रेटिक म्हणजे मगजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या एक टक्क्याच्या आसपास असतात. ५.८ टक्के म्हणजे मगज कामाला लागलाय. तळ बहुधा आलाय किंवा येऊन गेलाय. हिमोग्लोबिन ७.९ पण रेटिक ०.८ असतं, तर मीही थांबायलाच सांगितलं असतं, पण तीन-चार दिवसांत पुन्हा तपासलं असतं. तुमच्या बाबतीत आठवड्याने तपासलं तरी चालेल.

आणखी एक जपा. टाचेला टोचून काढलेल्या रक्तात हिमोग्लोबिन शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त दिसतं, पाय गार असेल तर आणखीच. आधीचा नमुना टाचेचा आणि नंतरचा शिरेचा असेल तर खरी घट झालेली नसतानाही एखाद्या ग्रॅमने घटल्यासारखं वाटतं. दोन रिपोर्टांची तुलना करताना नमुना कुठून घेतला होता ते सिस्टरांना विचारून घ्या.

रक्त कधी द्यायचं यावर २०२० साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, अमेरिकेतला टॉप आणि युरोपातला एट्नो. दोन्हींत एक किलो आणि त्याहून कमी वजनाची बाळं होती. अर्ध्यांना हिमोग्लोबिन बऱ्यापैकी असतानाच रक्त दिलं, अर्ध्यांना बरंच खाली गेल्यावर. दोन वर्षांच्या वयात मृत्यू आणि मेंदूच्या विकासातलं अपंगत्व मोजलं तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. वाट पाहिलेल्या बाळांचं नुकसान झालं नाही आणि रक्त मात्र कमी लागलं. त्यानंतर २०२४ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी, तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या मर्यादा अशा आहेत : व्हेंटिलेटर, सीपॅप किंवा हाय फ्लो अशा श्वासाच्या आधारावर असेल तर ८.५, आणि आपला आपण श्वास घेत असेल तर ७. पहिल्या आठवड्यात त्या बऱ्याच वर असतात, ११ आणि १०, कारण तेव्हा बाळ नाजूक असतं. तुमची मुलगी तिसाव्या आठवड्याची, श्वासाला कसलाही आधार नाही, आकडा ७.९. म्हणजे मर्यादेच्या वर.

पण आकडा हा निर्णयाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा बाळ सांगतं. नऊ हिमोग्लोबिन असूनही रक्त द्यावं लागलेली बाळं मी पाहिली आहेत आणि साडेसातला मजेत दूध पिणारीही पाहिली आहेत. आम्ही बघतो ते हे : शांत झोपेतही हृदयाचे ठोके सतत १७०-१८० राहतात का, श्वास थांबण्याचे प्रसंग बंद झाले होते ते पुन्हा सुरू झाले का, निघालेला ऑक्सिजन परत लावावा लागतोय का, दूध पिताना चार घोटांतच दमून सोडतं का, आणि दूध पुरेसं मिळत असूनही चार-पाच दिवस वजन हलत नाही का. यातलं एखादं लक्षण दिसलं तर आधी जंतुसंसर्ग नाही ना हे बघावं लागतं, कारण ही सगळी लक्षणं त्याचीही असतात, आणि रक्त चढवण्याच्या नादात तो नजरेतून सुटता कामा नये. तुमची मुलगी आठवड्यात १९० ग्रॅम वाढली, म्हणजे दिवसाला सत्तावीस ग्रॅम. ज्या बाळाच्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही ते असं वाढत नाही.

"चढवून टाकलं तर बिघडलं कुठे?" असं घरचे विचारतील. चढवायचं ठरलं तर किलोमागे १५ मिली, म्हणजे तिला २८ मिली लाल पेशी, सिरिंज पंपावर चार तासांत. हिमोग्लोबिन साडेदहा-अकरापर्यंत जाईल. पण त्याबरोबर ऑक्सिजनही भरपूर पोहोचू लागेल आणि सात आठवड्यांनी सुटलेला एरिथ्रोपोएटिनचा हुकूम पुन्हा थांबेल. थोड्या दिवसांत रेटिक खाली येईल. चढवलेल्या पेशी संपत जातील तसा हाच उतार पुन्हा उतरावा लागेल, फक्त घरी गेल्यावर. शिवाय रक्त भरभर गेलं तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं, आणि दर वेळी नव्या दात्याच्या रक्ताशी संबंध येतो. म्हणून बाळाला परत परत रक्त लागणार असं दिसलं तर रक्तपेढीकडून एकाच दात्याच्या पिशवीच्या छोट्या पिशव्या करून घेतात आणि त्याच बाळासाठी राखून ठेवतात. रक्त दिल्यावर लोहाचा हिशेबही बदलतो, कारण २८ मिली लाल पेशींतून एकोणीस-वीस मिलिग्रॅम लोह जातं. तीन-चारदा रक्त मिळालेल्या बाळाचे थेंब म्हणूनच काही दिवस थांबवून, लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी बघून पुन्हा सुरू करतात.

एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं. त्याने रक्त चढवण्याची गरज थोडी कमी होते, पण इतकी नाही की ते सरसकट द्यावं. तुमच्या मुलीचा मगज आपणहून जागा झालाय, तेव्हा तो प्रश्न येत नाही.

आता भावाचं रक्त. आपल्याकडे जवळच्या नातेवाइकाचं रक्त सगळ्यांत चांगलं अशी पक्की समजूत आहे, आणि ती मायेपोटीच असते. पण इथे नेमकं उलटं आहे. दान केलेल्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशीही असतात. परक्याच्या असतील तर बाळाचं शरीर त्या ओळखतं आणि मारून टाकतं. सख्ख्या काकाच्या, आजोबांच्या किंवा वडिलांच्या पेशी बाळाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की बाळ त्यांना परकं समजत नाही. त्या जगतात, वाढतात आणि बाळाच्याच त्वचेवर, यकृतावर, मगजावर हल्ला करतात. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. म्हणून नातेवाइकाचं रक्त किरणोत्सर्गाने प्रक्रिया केल्याशिवाय द्यायचं नसतं, आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला तरी हा धोका पूर्ण जात नाही. भावाला रक्तदान करायचंच असेल तर जरूर करू द्या, ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. तुमच्या मुलीसाठी मात्र अनोळखी ऐच्छिक दात्याचंच रक्त मागा.

शेवटी थेंबांचा डोस, कारण घरी गेल्यावर सगळ्यात जास्त गडबड इथे होते. अशा बाळांना दर किलोला दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम लोह दोन आठवड्यांच्या वयापासून देतात, निदान सहा महिने; आम्ही बहुतेकांना वर्षभर चालू ठेवतो. तुमच्या मुलीला ३ मिलिग्रॅमने आज ५.७ मिलिग्रॅम होतात. पण बाजारात एका कंपनीच्या थेंबांत एका मिलीत १० मिलिग्रॅम लोह असतं, दुसऱ्याच्या २५. पहिल्यातून ०.५७ मिली द्यावे लागतील, दुसऱ्यातून ०.२३. दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरी बाटली दिली आणि तुम्ही जुन्याच खुणेपर्यंत ड्रॉपर भरला, तर डोस अडीचपट होतो. बाटलीवर "एलिमेंटल आयर्न" समोर लिहिलेला आकडा वाचा, नुसत्या क्षाराचं वजन वाचू नका. आशाताई सहा महिन्यांपुढच्या मुलांना आयर्न-फॉलिकची बाटली देतात, ती एका मिलीत २० मिलिग्रॅमची आणि आठवड्यातून दोनदा द्यायची असते. तुमच्या मुलीला आज ती रोज एक मिली दिली तर किलोमागे दहा मिलिग्रॅमहून जास्त होईल. ती बाटली तिच्यासाठी आत्ता नाही. घरात दुसरी लहान मुलं असतील तर दोन्ही बाटल्या उंचावर ठेवा. लोहाचा एकदम मोठा डोस मुलांना विषासारखा असतो.

थेंब दोन दुधांच्या मध्ये द्या. शी काळपट होईल, त्याने घाबरू नका. बीट, खजूर, गुळाचं पाणी यातलं काहीही आत्ता देऊ नका. गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत सुरू करू नका. त्यात लोह फार कमी असतं आणि लहान आतड्यांतून त्यामुळे सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. बाळाच्या आईचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र उपचार लागतील.

वजन वाढेल तसा डोस वाढवावा लागतो, आणि हे फार जण विसरतात. १.९ किलोला ठरलेला डोस ४ किलोच्या बाळाला निम्माच पडतो. दर महिन्याला वजन करून नवा मिलीचा आकडा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. तुम्ही ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी असाल तर हे निघण्याआधीच बोला. आमच्याकडे बीड-परभणीची अशी बाळं दिवाळीच्या सुमाराला घरी जातात आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा पाच-सहा महिन्यांची, पांढुरकी आणि सुस्त झालेली असतात. विचारलं की कळतं, पहिली बाटली संपली ती संपलीच. निघताना पुरतील एवढ्या एकाच कंपनीच्या बाटल्या आणि महिनावार डोस लिहिलेलं कार्ड बरोबर घ्या, आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करून घ्या.

पुढच्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि रेटिक तपासा. ८ च्या आसपास स्थिर असेल किंवा चढू लागलं असेल तर पुढची तपासणी महिन्याने, आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात फेरिटिनसह. मधल्या काळात ती दूध पिताना दमू लागली, रंग राखाडी वाटला किंवा श्वास थांबतोय असं वाटलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.